६० घरांची दातेरी आकृती: बारा पेंटॉमिनो तिथं का बसत नाहीत

प्रश्न: सर, आम्ही लातूरकडच्या एका शाळेत पोरांसाठी प्लायवूडचे बाराही पेंटॉमिनो, म्हणजे पाच-पाच चौकोनी घरं कडेला कड जोडून होणारे तुकडे, कापून घेतलेत. त्यासोबत एक तिरपी दातेरी आकृती मिळाली, वरून खाली १, ३, ५ घरं, मग ७ घरांच्या सहा ओळी (पहिली ७ ची ओळ सरळ खाली, पुढची प्रत्येक एकेक घर उजवीकडं सरकलेली), मग ५, ३, १. बेरीज ६० येते, बुद्धिबळासारखे रंग देऊन पण बघितलं, तिथं काही अडत नाही. पण दरवेळी शेवटी एक-दोन तुकडे उरतातच. आमचं चुकतंय का हे होतच नाही? आणि कॉम्प्युटर न लावता ते सांगता येतं का?

उत्तर:

होत नाही मॅडम, आणि ते कागद-पेन्सिलीवर पक्कं दाखवता येतं, पोरांना उगं बसवून ठेवू नका. मी परभणीला पोरांचा गणिताचा वर्ग घेतो आणि असली कोडी स्वतः कापून देतो, त्यामुळं कुठलीही नवीन आकृती हातात आली की तुकडे लावायच्या आधी मी तिची कड मोजतो. तुमच्या आकृतीत सगळा खेळ कडेलाच आहे.

आधी सगळ्यांना एकच चित्र दिसावं म्हणून चौकटीच्या वहीवर काढून घ्या. १२ ओळी आणि १२ रकाने. पहिल्या ओळीत फक्त ४ था रकाना, दुसरीत ३ ते ५, तिसरीत २ ते ६, चौथीत १ ते ७, पाचवीत २ ते ८, असं सरकत सरकत नववीत ६ ते १२, मग दहावीत ७ ते ११, अकरावीत ८ ते १०, बारावीत फक्त ९ वा. ही आकृती म्हणजे एक आयतच आहे, फक्त ४५ अंशात फिरवलेला, म्हणून त्याच्या चारी कडा जिन्यासारख्या झाल्यात.

आता प्रत्येक ओळीतलं पहिलं आणि शेवटचं घर लाल पेनानं रंगवा. हीच आपली कडेची घरं. वरच्या आणि खालच्या ओळीत एकेकच घर आहे, मधल्या दहा ओळींत दोन-दोन, म्हणजे २० + २ = २२. नीट बघितलं तर कळेल की बाहेरची हवा लागते ती फक्त याच २२ घरांना, आतल्या एकाही घराची बाजू उघडी नाही. यातली चार घरं टोकाची आहेत (सगळ्यात वरचं, सगळ्यात खालचं, चौथ्या ओळीतलं डावं आणि नवव्या ओळीतलं उजवं), त्यांच्या तीन बाजू उघड्या आणि शेजारी एकच. बाकी अठरांच्या दोन बाजू उघड्या, शेजारी दोन.

तुम्ही रंगांचं बोललात ते बरोबरच आहे, तिथं ही आकृती पकडीत येत नाही. रंग दिले की गडद ३६ आणि फिकट २४ अशी घरं निघतात. बारा तुकड्यांना त्यांच्या आकारावरून इंग्रजी अक्षरांची नावं आहेत, त्यातला एक्स म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा तुकडा. तो सोडून बाकी अकरा तुकडे कसेही ठेवा, एका रंगाची ३ आणि दुसऱ्याची २ घरं घेतात, एक्स मात्र ४ आणि १ घेतो. म्हणजे गडद घरं जास्तीत जास्त ३३ + ४ = ३७ झाकता येतात, आपल्याला ३६ लागतात, झालं, ती चाचणी पास. क्षेत्रफळ पण पास. म्हणूनच हे कोडं फसवं आहे, लोक या दोन गोष्टी बघतात आणि होईल म्हणून बसतात.

आता प्रश्न उलटा करा. ही २२ लाल घरं कुणीतरी झाकायचीच आहेत. मग एकेक तुकडा हातात घेऊन विचारा, तू जास्तीत जास्त किती लाल घरं झाकशील? बाराही उत्तरांची बेरीज २२ च्या खाली आली तर विषय संपला, एकही मांडणी करून बघायची गरज नाही.

हे उत्तर काढायला बारा तुकडे आठ-आठ दिशांनी फिरवत बसू नका, एक सोपी खूण आहे. जिन्याच्या कडेवर शेजारची दोन लाल घरं एकमेकांना तिरपी असतात, त्यांना जोडणारं घर आत असतं. म्हणजे दोन लाल घरं घ्यायची तर तुकड्यात तीन घरांचा एक कोपर हवा, कोपराचा वाकलेला भाग आत आणि दोन्ही टोकं कडेवर. आणि महत्त्वाचं म्हणजे त्या कोपराचा एकही हात सरळ पुढं जाता कामा नये, कारण पुढं गेला की तो आकृतीच्या बाहेर पडतो. आत वळला तर चालतं.

या खुणेनं बघा. आय मध्ये कोपरच नाही, तो एकच लाल घर घेणार. एल मध्ये कोपर आहे पण त्याचा लांब हात सरळ पुढं पळतो, बाहेर जातो, म्हणून एकच. टी, यू, झेड यांचं पण तेच, कोपर धरला की एक हात हमखास पुढं निघतो. व्ही चे तर दोन्ही हात पुढं निघतात. म्हणजे आय, एल, टी, यू, व्ही, झेड हे सहा जण एकेका घराचे धनी (व्ही बद्दल खाली अजून सांगतो, तिथं एक चकवा आहे). एन मध्ये कोपराच्या टोकाकडून पुढचं घर आत वळतं, त्यामुळं एन ला दोन मिळतात. पी आणि वाय ला पण दोन. डब्ल्यू तर स्वतःच जिना आहे, तो जिन्याला जिना लावून तीन घेतो. एफ आणि एक्स ला सरळ कडेवर दोन-दोन.

सरळ कडेपुरती बेरीज केली तर सहा एकेकवाल्यांचे ६, एन-पी-वाय चे ६, डब्ल्यू चे ३, एफ आणि एक्स चे ४, एकूण १९.

पण घाई करू नका. चार टोकं बाकी आहेत आणि टोकाला एकच तुकडा दोन कडांना एकदम हात घालू शकतो, तिथं ही १९ वाढू शकते. खरं काम इथं आहे. टोकाच्या घराला शेजारी एकच, त्यामुळं जो कुणी टोक झाकेल त्यानं त्याच्या आतलं शेजारघर पण घेतलंच पाहिजे. त्या शेजारघराच्या दोन्ही बाजूंना परत लाल घरं आहेत. टोक, शेजारघर आणि ती दोन्ही लाल घरं असा चार घरांचा छोटा टी होतो, आणि पाचवं घर आतच लावायला जागा आहे. पाचवं अगदी मधोमध लावलं तर एक्स होतो, बाजूच्या लाल घराखाली लावलं तर एफ. दुसरा पर्यायच नाही. म्हणजे टोकावर एक्स ला तीन मिळतात, एफ ला तीन मिळतात, बाकी कुणाला त्याच्या सरळ कडेच्या आकड्यापेक्षा जास्त मिळत नाही. १९ + १ + १ = २१.

२१ नं २२ झाकली जात नाहीत. एक लाल घर उघडं राहणारच. तुमच्या पोरांचे एक-दोन तुकडे उरायचे ते यामुळंच, चूक त्यांची नाही.

आता ज्याला शंका घ्यायची सवय आहे तो म्हणेल, टोक न झाकता टोकाच्या अलीकडून दोन्ही कडांना शिवणारा तुकडा ठेवला तर? हा प्रश्न कुणी विचारला नाही तर तुम्हीच विचारा, कारण पुरावा इथंच लंगडा पडतो. उदाहरणार्थ यू घ्या. वरच्या टोकाखाली यू असा उभा करा की त्याचे दोन्ही हात दुसऱ्या ओळीतल्या दोन्ही लाल घरांवर येतील आणि तळ तिसऱ्या ओळीत. यू ला दोन लाल घरं मिळाली की! पण यू च्या पोटात काय उरलं बघा, टोक आणि त्याचं शेजारघर, फक्त दोन घरं. तिथं पाच घरांचा तुकडा कुठून बसणार. तसंच तिसऱ्या ओळीतली पाचही घरं आय नं अडवली तर त्याची दोन्ही टोकं लाल घरांवर येतात, पण वर १ + ३ = ४ घरं कोंडली गेली. एल आडवा घालून एक टोक दुसऱ्या ओळीत वर काढला तर ३ घरं कोंडतात. दोन्ही कडांना शिवून टोकाला बाकीच्यांपासून तोडणारा कुठलाही पाच घरांचा तुकडा घ्या, वर कोंडली जाणारी घरं चारच्या पुढं जात नाहीत, आणि कोंडलेली जागा पाचच्या पटीत नसली की मांडणी बाद.

आणि समोरासमोरच्या दोन कडा? त्या एवढ्या लांब आहेत की एका कडेच्या लाल घरापासून समोरच्या लाल घरापर्यंत जायला कमीत कमी सात घरं लागतात. पाच घरांचा तुकडा पोचत नाही. अरुंद बाजूनं पण नाही, मोजून बघा.

आता तो व्ही चा चकवा. व्ही ची दोन लांबची टोकं एकाच कडेवरच्या लाल घरांवर ठेवता येतात, एक घर सोडून. आकृतीबाहेर काहीच जात नाही, म्हणून भलेभले व्ही ला दोन देऊन टाकतात. पण त्या दोघांच्या मधलं जे लाल घर आहे त्याचे दोन्ही शेजारी व्ही नंच खाल्लेत, ते एकटं कोंडून मेलं. म्हणून व्ही ला एकच. हा एक आकडा किती महागात पडतो बघा, व्ही ला दोन दिले की बेरीज २२ होते आणि सगळा पुरावा कोसळतो, कारण २२ ला २२ पुरतात. यू ला दोन दिले तरी तेच. इथं फरक फक्त एकाचा आहे, म्हणून प्रत्येक आकडा लिहिताना शेजारी कारण लिहायला लावा पोरांना, “एल १, हात बाहेर जातो”, “व्ही १, मधलं घर कोंडतं” असं. नुसते आकडे पाठ केले तर दुसऱ्या आकृतीवर चुकतील, कारण टोकाचा आकार बदलला की एफ-एक्स चे तीन पण बदलू शकतात.

ही पद्धत कुठं चालत नाही ते पण सांगून ठेवतो नाहीतर कुणीतरी ६ × १० च्या पाटावर लावून बसेल. तिथं कडेची घरं २८ आणि नुसता आय च पाच झाकतो, एल आणि व्ही कोपऱ्यात ठेवले तर पाचच्या पाच कडेवर. बेरीज २८ च्या लई वर जाते, चाचणी काहीच सांगत नाही. सांगणार तरी काय, ६ × १० च्या २३३९ मांडण्या आहेत (फिरवलेल्या-उलटवलेल्या एकच धरून). सरळ पाटावर कडेपेक्षा कोंडलेल्या जागेची मोजणीच कामाची. ३ × २० च्या पट्टीत एक्स तिन्ही ओळी व्यापतो आणि पट्टीचे दोन भाग करतो, त्याचं मधलं घर डावीकडून क्रमांक क च्या रकान्यात असेल तर डावीकडं ३(क − १) − १ घरं उरतात, ती पाचच्या पटीत यायला क फक्त ३, ८, १३ किंवा १८ असू शकतो. अठरा जागांतून चारच उरल्या, आणि आरशातल्या सारख्या धरल्या तर दोनच. क = ३ ला तर डावीकडं बरोबर यू च्याच आकाराची पाच घरं राहतात, दुसरा तुकडा चालतच नाही. या पट्टीच्या एकूण मांडण्या फक्त दोन आहेत.

आता तुमच्या पोरांकडं तुकडे आहेतच तर याच जातीची दुसरी आकृती द्या, जिथं कड मोजून लगेच नाही म्हणता येत नाही पण मोजणी वाया पण जात नाही. ओळी अशा, १, ३, ५, ७, ९, ११, ९, ७, ५, ३, १, सगळ्या एकाच मध्यावर, आणि ठीक मधलं घर रिकामं सोडायचं. ६१ मधून १ गेलं, ६० राहिली. कडेची घरं इथं २०. टोकं आणि कडा अगदी आधीसारख्याच, त्यामुळं तीच यादी लागू होते, जास्तीत जास्त २१. गरज २० ची. म्हणजे चाचणी पास, पण फक्त एकानं. पास झाली म्हणजे मांडणी आहेच असं नाही हं, एवढंच की या कारणानं ती अडत नाही. पण आता हाताशी एकच घर शिल्लक आहे असं समजा, सगळ्या बारा तुकड्यांनी मिळून कमाल आकड्यापेक्षा एकच घर कमी झाकायची परवानगी. दोन गेली की तिथंच थांबायचं, पुढं लावत बसायचं नाही.

एवढ्या एका अटीवर किती मांडण्या सुरू व्हायच्या आधीच उडतात बघा. एक्स मधल्या भोकाजवळ ठेवायला सगळ्यांचा हात जातो, तिथं तो एकही लाल घर झाकत नाही, तीन गेली, बाद. एक्स आणि एफ दोघंही टोकाला नसतील तर बेरीज १९ वर येते, बाद. म्हणजे दोघांपैकी एक तरी टोकाला पाहिजेच. एक्स सरळ कडेवर दोन घेऊन बसला तर शिल्लक तिथंच संपली, मग एफ टोकालाच आणि बाकी दहांनी आपापला पूर्ण आकडा द्यायचाच. पी आत गेला तर दोन गेली, बाद. डब्ल्यू नं एकच लाल घर घेतलं तरी दोन गेली, बाद. आय, एल, टी, यू, व्ही, झेड या सहांपैकी जास्तीत जास्त एकच कडेपासून दूर राहू शकतो, आणि तसा एक राहिला की परत शिल्लक शून्य.

याच्यावर रंगाची मोजणी चढवा, मग अजून मजा येते. मधलं फिकट घर काढल्यामुळं इथं पण गडद ३६, फिकट २४, आणि कडेची सगळी घरं गडद. एक्स नं चार गडद घेतल्याशिवाय ३६ होत नाहीत (नाहीतर ३३ + १ = ३४ वर अडकतं), तेव्हा एक्स ४ गडद घेतो, बाकी अकरा जणांत दहांनी तीन-तीन आणि एकानंच दोन घ्यायची, ४ + ३० + २ = ३६. म्हणजे रंगात पण एकच सूट आहे. एल चा बाहेरचा कोपरा लाल घरावर ठेवला तर कडेचा हिशोब बिघडत नाही, त्याचं एक घर त्यानं दिलं, पण गडद दोनच झाली, रंगाची सूट संपली. म्हणून एल त्याच्या दोनपैकी एका टोकानं कडेला शिवलेला बरा. डब्ल्यू उलटा ठेवला, म्हणजे तीन पायऱ्यांची बाजू आत आणि दोनची कडेकडं, तर तो कडेचं एक घर पण घालवतो आणि गडद पण दोनच घेतो, दोन्ही सुटी एकाच तुकड्यात गेल्या. त्यानंतर एक्स आणि एफ दोघंही टोकालाच हवेत, एन-पी-वाय ला कडेवर दोन-दोन, सहा एकेकवाले सगळे कडेला, आणि एक्स सोडून उरलेल्या दहांच्या वाट्याला गडद तीन-तीनच. असा डब्ल्यू ठेवून बघायचा असेल तर तो पहिलाच ठेवा, मग एक्स आणि एफ च्या टोकाच्या जागा, आणि या यादीत कुणी एक जरी अडला की डब्ल्यू उचलून सरळ करून लावा.